तीन कागद, एक घर

दिवाळीच्या सुमारास नव्या घरांच्या जाहिरातींना भरती येते. माहितीपत्रक हाती पडते, विक्री-कचेरीत दरपत्रक मिळते आणि माहितीपत्रकावरच्या नोंदणी क्रमांकाने महारेराच्या संकेतस्थळावर त्याच इमारतीची नोंद सापडते. तिन्हीकडचे आकडे मात्र निरनिराळे! अशा वेळी खरे कोणते, हा वाद घालीत बसू नये. आधी तिन्ही आकडे एका मापात आणावेत.

समजा, माहितीपत्रक म्हणते : दोन खोल्यांचे घर, ८०० चौरस फूट, ६४ लाखांपासून, ताबा डिसेंबर २०२७. दरपत्रकात फुटाचा दर ८,००० रुपये आहे. हिशेब जुळला म्हणून हुरळून जाऊ नये. खाली बारीक अक्षरांत पहिल्यानंतरच्या प्रत्येक मजल्यामागे फुटाला ५० रुपये जादा आहेत. सातव्या मजल्यासाठी ते २ लाख ४० हजार होतात. गाडीच्या जागेचे ४ लाख निराळे. म्हणजे झाले ७० लाख ४० हजार. ‘पासून’ हा शब्द किती महाग पडतो तो असा!

आता संकेतस्थळ पाहा. तिथे त्याच घराचे चटईक्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया, ५० चौरस मीटर आहे. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट, तेव्हा हे झाले ५३८. यात घराच्या आतल्या आडभिंती धरतात; बाहेरच्या भिंती, बाल्कनी व गच्ची धरीत नाहीत. म्हणून उरलेल्या २६२ फुटांत काय काय आहे, हे लेखी विचारावे. खरा दर चटईक्षेत्रावर काढला, तर तो फुटाला सुमारे १३,०८५ रुपये पडतो. दोन इमारतींची तुलना करायची ती याच आकड्याने. बांधकाम चालू असलेल्या साध्या घरावर ५ टक्के जीएसटी वर येतो, मुद्रांक शुल्क त्याहून निराळे.

तारखेचेही तेच. संकेतस्थळावर काम पुरे होण्याची तारीख जून २०२९ असेल, तर डिसेंबर २०२७ कशाच्या आधारावर, हे विचारलेच पाहिजे. तिथे मुदतवाढीची नोंद असली तर तीही पाहावी.

२०१६च्या रेरा कायद्याने दोन आधार दिले आहेत. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. शिवाय जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे दिले व नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. व्यवहार सोडायचा असला तर पैसे व्याजासह परत मागता येतात. तेव्हा माहितीपत्रक रद्दीत टाकू नये. त्यावर मिळाल्याची तारीख घालून, दरपत्रक व संकेतस्थळाच्या पानाची छापील प्रत यांसह जपून ठेवावे.

मात्र पैसे देण्यापूर्वी एकूण किंमत, चटईक्षेत्र व ताब्याची तारीख या तीन गोष्टी करारनाम्याच्या मसुद्यात शोधाव्यात. तिथे नसलेली गोष्ट विक्रेत्याने तोंडी कबूल केली, तर ‘मग तेवढे लिहून द्या’ एवढेच म्हणावे. उत्तरादाखल नुसते हसू आले, तर हात आखडता घ्यावा.