करारातला ‘ला’ फोटोत आला आहे का?

गावाकडून दुबई-शारजाला नोकरीसाठी निघालेल्या माणसाचा करार आम्हा इथल्या लोकांपर्यंत पोहोचतो तो बहुतेक वेळा फोटोच्या रूपात. चादरीवर कागद ठेवून घाईत काढलेला फोटो, एका कोपऱ्यात अंगठा, दुसऱ्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची चमक. खाली एकच ओळ: ‘दादा, जरा बघ ना, ठीक आहे ना?’ आणि आपण काय करतो? डावीकडच्या इंग्रजी रकान्यात पगाराचा आकडा शोधतो, तो बऱ्यापैकी दिसला की ‘ठीक आहे’ म्हणून कळवून टाकतो. माझं स्पष्ट मत आहे की उजवीकडचा अरबी रकाना वाचून झाल्याशिवाय हे उत्तर देऊच नये. आपल्या त्या दोन शब्दांवर समोरचा माणूस कर्ज काढतो.

अरबी रकाना का, तर वाद झालाच तर तोच धरला जातो. अमिरातीच्या कामगार कायद्यात दोन्ही भाषांत फरक पडल्यास अरबी मजकूर प्रमाण मानतात, आणि कोर्टाचं कामही अरबीतच चालतं. मी काही अरबीचा पंडित नाही. शारजात राहून सॉफ्टवेअर लिहितो. पण आठ वर्षांत अक्षरं ओळखता येऊ लागली आणि अडलं की विचारायला शेजारच्या टेबलावर एक सुदानी सहकारी आहे. कराराची भाषा ठरावीक असते, तेच वीस-पंचवीस शब्द फिरून फिरून येतात. त्यामुळे एवढ्यावर भागतं.

खरी अडचण भाषेआधी फोटोची असते. अरबी उजवीकडून सुरू होते, आणि घाईत काढलेल्या फोटोत नेमकी उजवी कड कापली जाते. आता मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो: ‘मिळणार नाही’. अरबीत तो सुरुवातीला येतो. ‘यस्तहिक’ म्हणजे हक्क आहे, मिळेल. ‘ला यस्तहिक’ म्हणजे हक्क नाही. हा ‘ला’ दोन अक्षरांचा, बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही, आणि ओळीच्या आरंभी आला तर बरोबर त्या कापलेल्या कडेत असतो. गेल्या महिन्यात खेडजवळच्या एका एसी टेक्निशियन मुलाचा करार आला होता. रजेच्या तिकिटाबद्दल इंग्रजीत लिहिलं होतं, ‘कंपनीच्या धोरणानुसार’. अरबीत जेवढं दिसत होतं त्याचा अर्थ निघत होता, ‘दुसऱ्या पक्षाला वार्षिक रजेचं विमानाचं तिकीट मिळेल’. वाक्य जरा जास्तच उदार वाटलं, म्हणून फोटो पुन्हा मागवला. पूर्ण पान आलं तेव्हा अलीकडे ‘ला’ उभा होता. तिकीट मिळणार नव्हतं.

म्हणून माझा पहिला निरोप ठरलेला असतो: कागद टेबलावर सपाट ठेव, दिवसाच्या उजेडात फोटो काढ, चारही कडा दिसू देत, मागची बाजू आणि शिक्क्याचं पानही पाठव. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की अॅप तो दाबून लहान करतं आणि बारीक ठिपके पुसले जातात.

आणि ठिपके गेले की अरबी गेलीच. सात म्हणजे ‘सबअ’ आणि नऊ म्हणजे ‘तिसअ’. हे दोन शब्द लिहिताना सांगाडा जवळपास एकच, ठिपके कुठे आणि किती एवढाच फरक. धूसर फोटोत सातशे आणि नऊशे सख्खे भाऊ दिसतात. अंकांत लिहिलं असलं तरी आपली फसगत होऊ शकते, कारण अरबी पाच दिसतो अगदी आपल्या शून्यासारखा आणि अरबी शून्य म्हणजे नुसता एक ठिपका, जो फोटोत धुळीचा कणही वाटू शकतो. या मुलाच्या करारात मूळ पगार अक्षरांत लिहिला होता आणि तो सातशे की नऊशे हे काही केल्या कळेना. तेव्हा बेरीज केली. घरभाडं ३००, प्रवास २००, इतर भत्ता ४००, आणि खाली एकूण १,८००. म्हणजे मूळ पगार ९००. रकमेच्या बाबतीत मी डोळ्यांपेक्षा बेरजेवर जास्त विश्वास ठेवतो.

जाता जाता एक गंमत. घरभाडं भत्त्याला अरबीत ‘बदल सकन’ म्हणतात. हा ‘बदल’ आपल्याकडे आला तो वेगळ्या अर्थाने. मराठी माणूस वाचून म्हणेल, घर बदलायचं आहे का? तिथे त्याचा अर्थ ऐवज, मोबदला. आपला ‘करार’ शब्दही तिकडचाच, पण अरबी करारावर मात्र ‘अक्द’ असं लिहिलेलं असतं आणि ‘करार’ म्हणजे निर्णय. ओळखीचा शब्द दिसला म्हणून अर्थ गृहीत धरू नये.

मुलाला सांगितलं गेलं होतं, ‘पगार अठराशे’. एजंट खोटं बोलला नव्हता. पण करारात ‘अर्रातिब अल्असासी’, म्हणजे मूळ पगार, ९०० होता आणि पुढचा सगळा हिशोब त्या ९०० वर चालणार होता. मी त्याला तो मांडून दाखवला. ९०० भागिले ३० म्हणजे दिवसाचे ३० दिरहॅम. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला पावणेचार. ओव्हरटाइमला कायद्याप्रमाणे मूळ पगाराच्या दरावर किमान २५ टक्के वाढ, म्हणजे तासाला सुमारे ४.६९ दिरहॅम. महिन्याचे २६ दिवस रोज दोन तास जादा काम केलं तर ५२ तासांचे साधारण २४४ दिरहॅम. मूळ पगारच १,८०० असता तर हेच ४८८ झाले असते. रात्री दहा ते पहाटे चारमधल्या जादा कामाला २५ ऐवजी ५० टक्के वाढ असते, पण तीही मूळ पगारावरच.

नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचंही तसंच. वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. दोन वर्षांच्या करारात ३० दिरहॅम गुणिले ४२ दिवस, म्हणजे १,२६० दिरहॅम. मूळ पगार १,८०० असता तर २,५२०. मूळ पगार कमी ठेवून भत्ते फुगवण्यात बेकायदा काही नाही. पण निघणाऱ्या माणसाला हे घरी बसून कळायला हवं. दोन वर्षांनी विमानतळाच्या वाटेवर कळून काय उपयोग? म्हणून भाषांतर करताना एकूण आकडा मी शेवटी लिहितो, मूळ पगार आधी.

दुसरी जागा म्हणजे खर्च कोणाचा. करारात कंपनी असते ‘पहिला पक्ष’ आणि कामगार ‘दुसरा पक्ष’. हे शब्द मराठीत तसेच ठेवले तर तिसऱ्या ओळीत माणूस विसरतो की आपण पहिले की दुसरे. मी सरळ ‘कंपनी’ आणि ‘तू’ लिहितो. मग लपलेलं उघडं पडतं. याच करारात इंग्रजी वाक्य होतं की दोन वर्षांआधी काम सोडल्यास व्हिसाचा खर्च वसूल करण्यात येईल. कोणाकडून, ते नाही. (आपल्या सरकारी मराठीलाही ही ‘करण्यात येईल’ची खोड आहेच.) अरबीत मात्र स्वच्छ लिहिलं होतं: ‘यतहम्मल अत्तरफ अस्सानी’, दुसरा पक्ष सोसेल. म्हणजे तू भरशील.

आता हे कलम कायद्यात बसत नाही. २०२१ चा ३३ क्रमांकाचा कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, त्यात भरतीचा आणि कामावर घेण्याचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडमार्गाने घ्यायला मालकाला मनाई आहे. कायद्याने दिलेला हक्क कागदावर सही घेऊन काढूनही घेता येत नाही. पण भाषांतर करणाऱ्याने कलम गाळू नये. काय लिहिलंय ते लिहावं आणि खाली वेगळ्या ओळीत सांगावं की हे टिकणारं नाही. आपलं मत आणि कराराचा मजकूर एकाच वाक्यात मिसळला की वाचणारा दोन्हींत गोंधळतो.

तिसरी जागा म्हणजे चाचणी काळ, ‘फत्रत अत्तजरिबा’. तो सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. या काळात कंपनीला काढायचं असेल तर १४ दिवसांची लेखी सूचना. कामगाराला देश सोडून जायचं असेल तर त्यालाही १४ दिवस, पण अमिरातीतच दुसरीकडे नोकरी धरायची असेल तर एक महिना. ही तीन वाक्यं मी प्रत्येक वेळी पूर्ण लिहितो, कारण नव्याने आलेला माणूस अडचणीत येतो तो बहुतेक याच सहा महिन्यांत. न सांगता निघून गेला की पळाल्याची तक्रार होते आणि मग पुढची नोकरीही अवघड. घरकामगार आणि घरच्या ड्रायव्हरसाठी मात्र वेगळा कायदा आहे. तसा करार आला तर वरचे आकडे त्याला लावू नयेत.

एवढं सगळं करूनही, फोटोतला कागद हा कंपनीचा स्वतःचा असू शकतो, मंत्रालयात नोंदवलेला नसेल. वर्क परमिटच्या आधी मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर निघतं आणि त्यावर कामगाराची सही लागते. ते अरबी, इंग्रजी आणि कामगाराला कळणाऱ्या आणखी एका भाषेत मिळतं. त्या भाषांच्या यादीत मराठी नाही, पण हिंदी आहे. पुढचा करार या ऑफरपेक्षा कामगाराच्या तोट्याचा असता कामा नये. तेव्हा ‘हिंदीतलं ऑफर लेटर पाठवा’ एवढी मागणी एजंटकडे करायला लावा. `MOHRE` असं नाव वर असतं. ते नाहीच असं उत्तर आलं, किंवा ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग बघू’ असं सुचवलं, तर आपल्यापुढे भाषांतराला अजून खरा करारच आलेला नाही.

भारताच्या बाजूलाही एक तपासणी आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं आणि त्यांची परवानगी ई-मायग्रेटवरून निघते. त्याच संकेतस्थळावर एजंट नोंदणीकृत आहे का ते दिसतं. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. या मुलाकडे ९०,००० मागितले होते, अर्थातच रोख.

मी त्याला दीड पानाचं भाषांतर पाठवलं. त्यात ‘ठीक आहे’ कुठेच लिहिलं नाही. त्याने ते वडिलांना वाचून दाखवलं, मग एजंटकडे तीन गोष्टी मागितल्या: हिंदी ऑफर लेटर, मूळ पगार १,२००, आणि पैशांची पावती. ऑफर लेटर आठवड्याने आलं, बारकोडसह, मूळ पगार १,००० लिहिलेलं. व्हिसाच्या खर्चाचं कलम त्यात नव्हतं. पावतीचं अजून काही बोलत नाहीत, म्हणून त्याने पैसे अजून दिलेले नाहीत.