नोंदवहीतून निघा, वेबसाइटवर पोचा

विमा विकणाऱ्या वेबसाइट आता खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत. ट्रॅक्टरचा विमा, बैलजोडीचा विमा, घरच्यांच्या दवाखान्याचा विमा, सगळे मोबाइलवर मिळते म्हणतात. यातल्या पुष्कळशा खऱ्या आहेत, काही साफ खोट्या आहेत. दोन्हींच्या पानांवर सारखेच हिरवे शेत, सारखेच हसणारे कुटुंब आणि तळाशी सारखेच 'आयआरडीएआय मान्यताप्राप्त' असे लिहिलेले असते. पान पाहून खरेखोटे ठरत नाही. ते ठरवायचे तर विमा नियामकाची नोंदवही उघडावी लागते, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते.

आयआरडीएआय म्हणजे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण. कचेरी हैदराबादला. १९९९ च्या कायद्याने ते झाले. हे प्राधिकरण स्वतः एकही पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही, कोणाला फोन करून हप्ता मागत नाही. 'आयआरडीएआयमधून बोलतोय' म्हणून जो विमा विकायला येतो तो लबाड आहे. त्यासाठी वेगळ्या तपासाची गरज नाही.

२०२० साली याच प्राधिकरणाने जाहीर इशारा दिला होता. 'डिजिटल नॅशनल मोटर इन्शुरन्स' या नावाने बंगळूरचा पत्ता देऊन कोणी गाड्यांचे विमे विकत होते. प्राधिकरणाने सांगितले की या नावाच्या कोणालाही विमा विकण्याची नोंदणी दिलेली नाही. नावाची करामत पाहा. 'नॅशनल' म्हटले की सरकारी विमा कंपनी आठवते, 'डिजिटल' म्हटले की तिचेच नवे खाते वाटते. ज्यांनी पैसे भरले त्यांच्या हातात विम्यासारखा दिसणारा कागद राहिला.

असा कागद काय करतो ते ट्रॅक्टरवाल्याने नीट समजून घ्यावे. कापसाची ट्रॉली घेऊन जाताना अपघात झाला, समोरचा माणूस दगावला, तर भरपाईचा दावा मालकावर येतो. विमा खरा असेल तर ती भरपाई कंपनी देते. कागद खोटा असेल तर कंपनी म्हणते, आमच्याकडे या ट्रॅक्टरची पॉलिसीच नाही. मग वसुली मालकाच्या घरादारावर आणि जमिनीवर येते. विमा कायद्याचे कलम ६४व्हीबी सांगते की हप्ता कंपनीला आधी मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. एजंटाने हप्ता घेतला असेल तर सुट्ट्या सोडून चोवीस तासांत, आपले कमिशन न कापता, तो कंपनीकडे भरायचा असतो. पण जो कंपनीचा कोणीच नाही, त्याला दिलेला पैसा कंपनीला पोचला असे होत नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत चालवून पाहू. समजा, आपल्या एका भावाला व्हॉट्सअॅपवर दुवा आला. ट्रॅक्टरचा सक्तीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा विमा निम्म्या पैशात. वेबसाइटच्या तळाशी 'आयआरडीएआय नोंदणीकृत ब्रोकर' असे लिहिले आहे आणि एक नोंदणी क्रमांकही दिला आहे.

पहिली शंका दरातच येते. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता केंद्र सरकार ठरवते आणि तो सर्व कंपन्यांना सारखाच असतो. त्यात कोणीही निम्मी सूट देऊ शकत नाही. 'माझ्या कमिशनमधून परत देतो' असे कोणी म्हणाला तर विमा कायद्याच्या कलम ४१ ने तेही मना आहे. म्हणजे सौदा एक तर खोटा आहे, नाही तर बेकायदा आहे.

तरीही भावाने तपास करायचे ठरवले. येथे बहुतेकांची गल्लत होते. लोक वेबसाइटवरच दिलेल्या 'आमचे प्रमाणपत्र पाहा' या बटणावर बोट ठेवतात. त्यातून उघडते ते त्याच दुकानदाराने चिकटवलेले चित्र असते. चोराच्या घरच्या काट्यावर चोरानेच माप घालावे तसे हे होते. दुवा कोणाचाही वापरू नये. मोबाइलवर स्वतःच्या बोटांनी `irdai.gov.in` असे टाइप करावे. शेवटी `.gov.in` असलेले नाव फक्त सरकारी कचेऱ्यांना मिळते. नाव तेथेच संपले पाहिजे. त्याच्यापुढे आणखी टिंब देऊन दुसरे शब्द जोडले असतील, किंवा `gov` च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, तर ती वेबसाइट सरकारी नव्हे.

तेथे विमा ब्रोकर, कॉर्पोरेट एजंट, वेब अॅग्रिगेटर यांच्या वेगवेगळ्या याद्या आहेत. आपला दुकानदार स्वतःला जे म्हणवतो तीच यादी उघडायची. ब्रोकर म्हणजे ग्राहकाच्या बाजूने अनेक कंपन्यांचा विमा आणून देणारा. कॉर्पोरेट एजंट म्हणजे ठरावीक कंपन्यांचा विमा विकणारी बँक किंवा संस्था. तिचा क्रमांक `CA` या अक्षरांनी सुरू होतो. ब्रोकर म्हणवणाऱ्याने `CA` चा क्रमांक लावला असेल तर तेथेच गाडी थांबवावी. ब्रोकरच्या कंपनीच्या नावात 'इन्शुरन्स ब्रोकर' किंवा 'इन्शुरन्स ब्रोकिंग' हे शब्द असलेच पाहिजेत, असाही नियम आहे.

आपल्या भावाने ब्रोकरांच्या यादीत क्रमांक शोधला आणि तो सापडला! येथे थांबणारा माणूस फसतो. क्रमांक खरा आहे एवढेच कळले. तो या वेबसाइटचा आहे हे कळलेले नाही. नोंदवही जशी आपल्याला उघडी आहे तशी ती लबाडालाही उघडी आहे, आणि खऱ्या ब्रोकरचा क्रमांक उतरवून घ्यायला त्याला एक मिनिट लागते.

म्हणून यादीतली पूर्ण ओळ वाचायची. त्या ओळीत कंपनीचे पूर्ण नाव काय आहे? वेबसाइटचे झगमगीत नाव वेगळे असू शकते, त्यात गैर काही नाही. पण पानाच्या तळाशी कंपनीचे कायदेशीर नाव असले पाहिजे आणि ते यादीशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. नोंदणीचा प्रकार कोणता आहे? फक्त आयुर्विम्याची नोंदणी असलेला ब्रोकर ट्रॅक्टरचा विमा विकू शकत नाही. नोंदणी चालू आहे का? पत्ता तोच आहे का? आमच्या उदाहरणात यादीतल्या ओळीत मुंबईच्या एका कंपनीचे नाव निघाले आणि वेबसाइटवर पत्ताच नव्हता, फक्त एक मोबाइल नंबर होता.

शेवटची पायरी उलट दिशेची आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. वेबसाइटवरून नोंदवहीकडे जाऊन भागत नाही, नोंदवहीतून निघून वेबसाइटवर पोचता आले पाहिजे. यादीत त्या ब्रोकरचा जो फोन किंवा ईमेल असेल त्यावर विचारायचे, 'ही वेबसाइट तुमची आहे का?' वेबसाइटवरचा नंबर वापरायचा नाही, कारण तो उचलणारा 'हो' असेच म्हणणार. दुसरी वाट म्हणजे ज्या कंपनीची पॉलिसी विकली जात आहे तिच्या जवळच्या शाखेत विचारणे. खरा ब्रोकर 'हे आमचे नव्हे' म्हणाला की तपास संपला.

एजंट एकटा माणूस असेल तर वही वेगळी आहे. `agencyportal.irdai.gov.in` येथे एजंट शोधण्याची सोय आहे. विम्याचा प्रकार, कंपनी, राज्य आणि जिल्हा निवडून एजंटाचे नाव किंवा क्रमांक टाकला की तो कोणत्या कंपनीचा आहे आणि कधीपासून कधीपर्यंत, ते दिसते. एका एजंटाला सर्वसाधारण विम्याची एकच कंपनी धरता येते. म्हणून 'मी सगळ्या कंपन्यांचा एजंट' असे सांगणाऱ्याला कागद मागावा. २०१५ च्या कायदेदुरुस्तीनंतर एजंटाची नेमणूक कंपनीच करते. तेव्हा नाव सापडले नाही तर लगेच त्याला चोर ठरवू नये, कंपनीच्या शाखेत विचारावे. ब्रोकर किंवा कंपनीच्या हाताखाली पॉइंट ऑफ सेल म्हणून काम करणारी पोरे असतात, त्यांची नावे ब्रोकरांच्या यादीत दिसत नाहीत. त्यांच्याबाबत, त्यांना नेमणाऱ्याकडे चौकशी करावी.

नोंदवहीची मर्यादाही ध्यानात असावी. विकणारा नोंदलेला आहे एवढेच ती सांगते. आपली पॉलिसी निघाली की नाही हे ती सांगत नाही. म्हणून पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचे नाव येते ते वाचावे. तेथे विमा कंपनीचे किंवा यादीतल्या ब्रोकर कंपनीचे नाव हवे. कोणा एका माणसाचे नाव आले तर पैसे पाठवू नयेत. पॉलिसी हाती आल्यावर तिचा क्रमांक कंपनीच्या शाखेत किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर तपासून घ्यावा.

पीकविम्याची गोष्ट निराळी आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत जिल्ह्याला कंपनी राज्य सरकार नेमून देते, आणि अर्ज बँकेतून, सामूहिक सेवा केंद्रातून किंवा `pmfby.gov.in` वर भरता येतो. शेतकऱ्याचा वाटा खरीप ज्वारीला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बी ज्वारीला दीड टक्का आणि कापसाला ५ टक्के आहे. महाराष्ट्रात २०२३ ला सुरू झालेली एक रुपयातली सोय २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. त्यामुळे 'एक रुपयात भरून देतो' म्हणणारी वेबसाइट आजही दिसली तर ती कशासाठी उभी आहे ते ओळखावे. तिला रुपया नको असतो, तुमचा आधार, सातबारा आणि बँकेचे खाते हवे असते.

पैसे गेलेच असतील तर लाजून घरात बसू नये. त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसा पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता आला तरच हाती लागतो. मग `cybercrime.gov.in` वर तक्रार लिहावी आणि नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर त्या वेबसाइटचे नाव कळवावे. वेबसाइटची, पावतीची आणि संभाषणाची चित्रे तारखेसह मोबाइलमध्ये ठेवावीत. वेबसाइट दुसऱ्या दिवशी नाहीशी होते, आणि मग तक्रारीला आधार म्हणून एवढेच हाती उरते.