‘पण मारत तर नाही ना?’ हा प्रश्न आता पुरे

मी समुपदेशक आहे. नवऱ्याच्या त्रासामुळे मदत मागायला येणाऱ्या बायकांशी बोलणं हे माझं रोजचं काम. यातल्या बहुतेक जणी माझ्यापर्यंत पोचण्याआधी आणखी तीनचार जणांशी बोललेल्या असतात. आईशी, मोठ्या बहिणीशी, एखाद्या मैत्रिणीशी. आणि त्या प्रत्येकीनं एकच प्रश्न विचारलेला असतो, ‘पण मारत तर नाही ना?’ उत्तर ‘नाही’ आलं की ऐकणारीचा जीव भांड्यात पडतो. मग येतं ते ठरलेलं वाक्य, थोडं जुळवून घे.

या प्रश्नाशी माझं भांडण आहे. काळजीच्या आवाजात विचारला तरी त्याचा अर्थ एवढाच होतो, की अंगावर वळ दाखव, मग आम्ही विश्वास ठेवू.

एक उदाहरण सांगते. ओळख लपवण्यासाठी तपशील बदलले आहेत, घडण्याचा क्रम तोच ठेवला आहे. मुलगी सत्तावीस वर्षांची, पिंपरी-चिंचवडमध्ये राहणारी, कॉमर्सची पदवीधर, एका ऑफिसात अकाउंट्स बघणारी. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात नवरा म्हणाला, फ्लॅटचा हप्ता आहे, तुझा पगार माझ्या खात्यात वळव. तिला ते पटलंही. मग त्यानं तिला नवा फोन घेऊन दिला. तो चालू करताना ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. मग ऑफिसात पोचल्यावर व्हिडिओ कॉल करायचा नियम आला, ‘काळजी वाटते म्हणून’. घरखर्चाला महिन्याला तीन हजार रुपये मिळत, आणि रात्री जेवणानंतर एकेका पेमेंटचा हिशोब. कोथिंबीर वीसची का? रिक्षा कुठून कुठे? सहकाऱ्यानं एकदा स्टेशनपर्यंत सोडलं, त्यावरून पंधरा दिवस टोमणे. शेवटी तिनं नोकरीच सोडली.

त्यानं तिच्यावर एकदाही हात उगारला नाही. तिनं ‘नाही’ म्हटलं की चार दिवस अबोला, घरातलं वायफाय बंद, माहेरी फोन बंद. एकदा तो शांतपणे म्हणाला, तुझे खासगी फोटो तुझ्या बाबांना पाठवले तर त्यांना काय वाटेल? त्यानंतर तिनं ‘नाही’ म्हणणंच सोडलं. बाहेरून बघणाऱ्यांना वाटलं, संसार लागला मार्गी.

यातली एकेक गोष्ट सुटी काढली तर किरकोळ वाटते. पैसे एकाच्या खात्यात असणं, फोनचा पासवर्ड माहीत असणं, रुसून बसणं, हे चांगल्या घरांतही असतं. म्हणून खूण त्या गोष्टींमध्ये शोधू नका. खूण एकाच ठिकाणी सापडते, ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं? साध्या भांडणात दोघंही ओरडतात, दोघंही रुसतात आणि दुसऱ्या दिवशी दोघंही आपापल्या कामाला जातात. नियंत्रणात एकच माणूस रोजचं वागणं बदलत जातो आणि ते भीतीनं बदलतो. काय घालू, कुणाशी बोलू, किती वाजता परतू, हे ठरवताना आधी त्याचा चेहरा डोळ्यासमोर येत असेल, तर ते भांडण राहिलेलं नाही.

आपल्या कायद्याला हे कळतं, ही गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा शारीरिक मारहाणीच्या बरोबरीनं भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसाच म्हणतो. अपमान, हिणवणं, मूल होत नाही म्हणून टोचणं, जिवलगांना इजा करण्याच्या वारंवार धमक्या, घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन अडवून ठेवणं, हे सगळं त्यात आहे. म्हणजे ‘मारत नाही ना’ हा निकष आपल्या ओट्यावरचा आहे, कायद्याचा नाही.

आता दुसरं भांडण, मदत करणाऱ्यांशी. आपल्याकडे मदतीचे दोन प्रकार फार लोकप्रिय आहेत. थोरामोठ्यांचा प्रकार म्हणजे दोन्ही घरांची बैठक. तिच्या समोर, त्याच्या समोर, ‘बोल, तुला काय त्रास आहे?’ ती काय बोलणार? बैठक संपल्यावर तिला त्याच्याबरोबर त्याच घरात जायचं असतं. जे बोलली त्याची किंमत रात्री मोजायची असते. नियंत्रण असलेल्या नात्यात दोघांना एकत्र बसवून समेट घडवणं म्हणजे तिच्या तक्रारींची यादी त्याच्या हातात देणं.

दुसरा प्रकार तुमच्यामाझ्या वयाचा, ‘सोडून दे ना त्याला, आजच निघ.’ हेतू चांगला, सल्ला धोक्याचा. आपली पकड सुटते आहे हे त्याला कळतं, तो काळ सगळ्यात जोखमीचा असतो. निघायचं असेल तर आधी तयारी आणि त्या तयारीचा त्याला पत्ता नको. इथेच आजच्या पिढीची मदत फसते, कारण आपण ती फोनवरून करतो. आपण तिला हेल्पलाइनचा नंबर व्हॉट्सॲपवर पाठवतो, कायद्याची लिंक पाठवतो. तिच्या फोनमध्ये डोकावणारा माणूस ती आधी वाचतो.

त्या मुलीच्या फोनमध्ये नेमकं काय होतं, तेही सांगते. कुठलंही गुप्तहेरी ॲप नव्हतं. व्हॉट्सॲपच्या Linked devices मध्ये त्याचा लॅपटॉप जोडलेला होता, त्यामुळे तिचे मेसेज त्याला दिसत. गुगलचं खातं त्याच्या ताब्यात असल्यानं तिनं काय शोधलं आणि ती कुठे गेली, हे त्याला बघता येत होतं. बँकेला त्याचा नंबर जोडलेला, म्हणून ओटीपी त्याच्याकडे जायचा.

हे कळल्यावर पहिली ऊर्मी काय होते? लॅपटॉप काढून टाकायचा, पासवर्ड बदलायचा. तिनं ते केलं नाही आणि ते बरोबर होतं. खिडकी अचानक बंद झाली की पलीकडच्याला लगेच कळतं. तिनं तो फोन जसा होता तसाच ठेवला. त्यावर रोजचे मेसेज, पाककृती, मालिका चालू ठेवल्या. मदतीचं सगळं काम त्या फोनच्या बाहेर केलं.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक काकू होत्या. ब्लाउज शिवायला टाकणं हे कुणालाही पटणारं कारण होतं. तिथून, काकूंच्या फोनवरून, तिनं १८१ ला फोन केला. ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. स्वतःच्या फोनवरून केला असता तर कॉलच्या यादीत नंबर राहिला असता. यादीतून पुसला तरी बिलात किंवा कंपनीच्या ॲपमध्ये दिसू शकतो.

काकूंच्याच कपाटात एक वही राहिली. त्यात तारीख, काय घडलं, तो कुठल्या शब्दांत बोलला, कुणी ऐकलं, एवढंच. चार ओळी पुरतात, पण त्या त्याच आठवड्यात लिहिलेल्या हव्यात. दोन महिन्यांत एकेक करून लग्नाचं प्रमाणपत्र, पदवी, पासबुक आणि आधार यांच्या प्रती तिथे पोचल्या. दागिन्यांची यादी झाली, जोडीला दागिने दिसतील असे लग्नातले फोटो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळाली. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला ही मदत मागता येते. त्यांचा नंबर १५१००.

मग एका सकाळी तो कामावर गेल्यावर ती मावशीकडे गेली, दुसऱ्या शहरात. फोन घरीच ठेवला. मावशीच्या शहरातच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज झाला, कारण तात्पुरतं जिथे राहता तिथेही हा अर्ज करता येतो. तिनं मागितलं ते एवढंच, त्यानं संपर्क करू नये, स्त्रीधन परत मिळावं, खर्चाला पैसे मिळावेत. यासाठी त्याला अटक व्हावी लागत नाही. ‘त्याला जेलमध्ये नाही टाकायचं मला’ म्हणून गप्प बसणाऱ्या कितीतरी जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं. संरक्षणाचा आदेश त्यानं मोडला तर मात्र तो गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

घर सोडायचं नसेल तर राहण्याचा हक्कही हाच कायदा देतो. घर सासऱ्यांच्या नावावर असलं म्हणून तो हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे.

गोड शेवट विकायचा नाही मला. कायदा म्हणतो, पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. तिला संपर्कबंदीचा अंतरिम आदेश मिळाला, दागिन्यांचं प्रकरण अजून चालू आहे. ती पुन्हा नोकरी करते. पगार तिच्या खात्यात येतो, ओटीपी तिच्या नंबरवर.

एक अपवाद ध्यानात ठेवा. त्यानं गळा दाबला असेल, शस्त्र दाखवलं असेल, जिवे मारायची धमकी दिली असेल, तर वही आणि कागदपत्रं यांच्यात वेळ घालवू नका. थेट ११२. एकदा गळा दाबणाऱ्याकडून पुढे जिवाचा धोका वाढतो.

आणि तुम्ही, ज्यांची मैत्रीण हल्ली फोनवर जपून बोलते, भेटायचं ठरवून ऐनवेळी रद्द करते? तिला मेसेजमध्ये काहीही विचारू नका. समोरासमोर, एकटी असताना भेटा आणि तुमचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. विचारा, ‘तू नाही म्हटलंस तर घरी काय होतं?’ मग उत्तराची वाट बघा. ती लगेच बोलणार नाही, नवऱ्याची बाजूही घेईल. वाद घालू नका. तुमचा फोन, तुमचं कपाट, तुमचा पत्ता तिच्या वापरासाठी आहे एवढं सांगा आणि कधी निघायचं ते तिला ठरवू द्या. त्या घरात तिचा प्रत्येक निर्णय दुसरं कुणी घेतं. तुम्हीही तेच केलंत, तर तिच्या लेखी फक्त माणूस बदलला.