‘तत्रैव’ म्हणजे नेमके कुठे?

मागच्या महिन्यात एका तालुक्याच्या गावातला आपला एक कार्यकर्ता एम.ए.च्या लघुप्रबंधाचा मसुदा घेऊन आला. विषय चांगला, मेहनतही खरी. म्हणाला, “ताई, संदर्भ सगळे दिलेत, फक्त एकदा नजर टाका.” एका प्रकरणाला ४१ तळटिपा होत्या आणि त्यातल्या २७ तळटिपांमध्ये ‘तत्रैव’, ‘पूर्वोक्त’ किंवा नुसते आडनाव आणि पान होते. मी बारावी तळटीप वाचली आणि तिथेच अडकले.

अकराव्या टिपेत लिहिले होते : आंबेडकर, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’, खंड १, पृ. ४७.
बाराव्या टिपेत : तत्रैव, पृ. ९.

मजकुरात जातीचा उगम, सजातीय विवाह, बहिर्विवाह हा मुद्दा चालला होता. आता महाराष्ट्र शासनाचा पहिला खंड उघडा. पृष्ठ ४७ वर श्रमविभागणी आणि श्रमिकांची विभागणी हा युक्तिवाद आहे, तो ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मधलाच. पण पृष्ठ ९ त्या ग्रंथात येतच नाही. खंडातले पहिले लेखन ‘कास्ट्स इन इंडिया’ आहे आणि पृष्ठ ९ त्यातले आहे. बाबासाहेबांनी ते १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचले. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ चे. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा मानववंशशास्त्रीय निबंध आणि महाडनंतर, पुणे करारानंतर लिहिलेले भाषण यांच्यामध्ये वीस वर्षांचे अंतर. ते अंतर एका ‘तत्रैव’ने पुसले गेले. आणि त्या पोराने पुढच्या परिच्छेदात लिहिले होते की ‘याच भाषणात बाबासाहेब सजातीय विवाहाची व्याख्या करतात’. म्हणजे टिपेतली चूक मजकुरात शिरली होती.

त्याच्या डोक्यात ‘तत्रैव’ म्हणजे ‘तोच खंड’ होते. वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘तोच ग्रंथ’ येते. इंग्रजीत इबिड म्हणतात, जुन्या मराठी पुस्तकांत ‘कित्ता’ही दिसते, अर्थ एकच, लगेच वरच्या टिपेत जे सांगितले तेच. लगेच वरच्या, हे महत्त्वाचे. चार टिपा वरच्या ग्रंथासाठी ‘पूर्वोक्त’ वापरतात, आणि तो लेखकाच्या आडनावाला चिकटवावा लागतो. शासनाने काढलेल्या इंग्रजी खंडांत एका खंडात अनेक ग्रंथ असल्यामुळे आपल्या लेखनात हा घोळ वारंवार होतो. सातव्या खंडात ‘हू वेअर द शूद्राज?’ आणि ‘द अनटचेबल्स’ दोन्ही आहेत. सतरावा खंड तर तीन भागांत, तीन वेगळ्या पुस्तकांत आहे. ‘खंड १७’ आणि पान एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याने तीन पुस्तके उघडायची का?

माझे मत स्पष्ट आहे. मसुदा लिहिताना ‘तत्रैव’ हा शब्द टंकूच नये. याचे कारण यांत्रिक आहे. संगणकावर मध्येच नवी तळटीप घातली की पुढच्या सगळ्या टिपांचे आकडे आपोआप बदलतात, पण टिपेच्या आतला मजकूर बदलत नाही. कालचा ‘तत्रैव’ आज दुसऱ्याच ग्रंथाकडे बोट दाखवतो आणि संगणक काहीच तक्रार करत नाही. या मसुद्यात तसे झालेच होते. मार्गदर्शकांनी सांगितले म्हणून त्याने सोळावी टीप मागाहून घातली, महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची. त्याखालच्या सतराव्या टिपेत ‘तत्रैव’ होते आणि मजकुरातले वाक्य महाडच्या सत्याग्रहावर. ‘गुलामगिरी’ १८७३ ची आणि महाड १९२७ चे! तो स्वतःच हसला. पण तिथे सालांनी चूक उघडी पाडली. दोन्ही ग्रंथ एकाच काळातले असते, तर कुणाच्या लक्षातही आले नसते.

दुसरे कारण आपल्या वाचकाचे आहे. आपली पोरे पूर्ण पुस्तक हातात घेऊन वाचतात असे किती वेळा होते? एका प्रकरणाची झेरॉक्स येते, नाहीतर एका पानाचा फोटो मोबाइलवर फिरतो. त्या फोटोतल्या तळटिपेत ‘तत्रैव, पृ. ९’ एवढेच असेल तर ते पान अनाथ आहे. मग समोरचा विचारतो, ‘हे बाबासाहेबांनी कुठे लिहिलेय ते दाखवा’, आणि आपला कार्यकर्ता वाक्य खरे असूनही गप्प बसतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

यावर कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक टिपेत चार ओळींचा पूर्ण तपशील भरायचा? नाही. पहिल्यांदा पूर्ण आणि नंतर संक्षिप्त : लेखकाचे आडनाव, ग्रंथाचे ओळखू येईल असे छोटे नाव, पान. ‘आंबेडकर, कास्ट्स इन इंडिया, पृ. ९’ यात ‘तत्रैव’पेक्षा तीन-चार शब्द जास्त जातात. शिकागो विद्यापीठाची लेखनशैलीची नियमावली जगभर वापरतात; तिच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीनेही इबिडऐवजी हेच संक्षिप्त रूप वापरा, असे सुचवले आहे. तुमच्या विद्यापीठाला ‘तत्रैव’च हवे असेल तर द्या, पण प्रबंध बांधायला टाकण्याच्या आदल्या दिवशी, सगळ्या टिपा जागेवर बसल्यानंतर.

आता भरलेला मसुदा साफ कसा करायचा ते सांगते, कारण अनेकांचे मसुदे आज त्याच अवस्थेत पडलेले असतील. आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवली. मग एका वहीत रकाने आखले : टिपेचा क्रमांक, टिपेत काय लिहिले आहे, ते कोणत्या ग्रंथाकडे जाते, पुस्तक उघडून पाहिले का. शोधा-आणि-बदला हे बटण वापरायचे नाही असे त्याला आधीच बजावले, कारण प्रत्येक ‘तत्रैव’ वेगळ्या ग्रंथाचा असतो. काम पहिल्या टिपेपासून खाली, क्रमानेच करायचे. ‘तत्रैव’ची साखळी असते; वरची कडी सुटल्याशिवाय खालची सुटत नाही.

अकरा आणि बारा सुटल्या. तेराव्या टिपेत दोन ग्रंथ होते, गेल ऑम्वेट आणि एलिनॉर झेलियट, मध्ये अर्धविराम. चौदाव्यात ‘तत्रैव’. दोघींपैकी कोणाचे? वाक्य १९४२ च्या नागपूर परिषदेबद्दलचे, जिथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. तो विषय दोघींच्याही लेखनात येतो, त्यामुळे अंदाज करण्यात अर्थ नव्हता. दोन्ही पुस्तके उघडली आणि वाक्य जिच्या पानावर सापडले तिचे नाव लिहिले. नियमच असा आहे की वरच्या टिपेत एकाहून जास्त ग्रंथ असतील तर ‘तत्रैव’ चालत नाही. प्रकरणाच्या पहिल्याच टिपेतही चालत नाही.

पंधराव्यात ‘ऑम्वेट, पूर्वोक्त’. पण मसुद्यात ऑम्वेटची पुस्तके दोन होती, १९९४ चे ‘दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रिव्होल्यूशन’ आणि २००३ चे ‘बुद्धिझम इन इंडिया’. इथे पानाने मदत केली. टिपेतले पान एका पुस्तकात उघडले तर तिथे तो विषयच नव्हता, दुसऱ्यात होता. सतराव्याचे उत्तर त्याच्या जुन्या ईमेलमध्ये सापडले : सोळावी टीप घालण्यापूर्वीचा मसुदा मार्गदर्शकांना पाठवलेला होता, त्यात त्या ‘तत्रैव’च्या वर कोणता ग्रंथ होता ते दिसले. म्हणून जुने मसुदे पुसू नका.

ग्रंथ ठरले की पूर्ण नोंद लिहायची. अकरावी टीप आता अशी झाली :

बी. आर. आंबेडकर, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’, डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस, खंड १, संपा. वसंत मून (मुंबई : शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन, १९७९), प्रकरण ४, पृ. ४७.

यात साल तुमच्या हातातल्या प्रतीचे लिहायचे. दिल्लीच्या डॉ. आंबेडकर फाउंडेशनने २०१४ साली काढलेले पुनर्मुद्रण तुमच्याकडे असेल तर प्रकाशक आणि साल तेच द्या; १९७९ दुसऱ्याच्या यादीतून उचलू नका. प्रकरण क्रमांक मी मुद्दाम घालायला लावला. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या आवृत्त्या अनेक, प्रत्येकीचे पान वेगळे, पण चौथे प्रकरण चौथेच राहते. पुढच्या टिपांत मग ‘आंबेडकर, ॲनिहिलेशन ऑफ कास्ट, पृ. अमुक’ एवढे पुरते.

शेवटच्या संदर्भसूचीत तीच नोंद थोडी वेगळी दिसते. आडनाव आधी येते, कारण यादी अकारविल्हे लागते, कंस जातो, आणि टिपेतले एकेक पान जाते.

ऑम्वेट, गेल. दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रिव्होल्यूशन : डॉ. आंबेडकर अँड द दलित मूव्हमेंट इन कलोनियल इंडिया. नवी दिल्ली : सेज, १९९४.

एका ग्रंथाला सूचीत एकच नोंद, टिपा दहा असल्या तरी. खंडातल्या दोन लेखनांना मात्र दोन स्वतंत्र नोंदी. ‘कास्ट्स इन इंडिया’ला स्वतःची नोंद मिळाली आणि त्याने ‘याच भाषणात’ हे शब्द खोडले.

तीन संध्याकाळी गेल्या. २७ पैकी २५ सुटल्या. उरलेल्या दोन टिपांची वाक्ये बाबासाहेबांच्या नावावर होती, अवतरणचिन्हात. दिलेल्या पानावर ती नव्हती, मागच्या-पुढच्या पानांवर नव्हती, जुन्या मसुद्यातही माग लागला नाही. एक त्याने फॉरवर्डमधून घेतल्याचे आठवले. दुसरे कुठून आले ते त्यालाही सांगता येईना. तो म्हणाला, “वाक्य छान आहे ताई, ‘आंबेडकर, पूर्वोक्त’ असे ठेवले तर कोण बघणार?” मी वही त्याच्याकडे सरकवली. थोड्या वेळाने त्याने दोन्ही वाक्ये काढली आणि तळटिपांचे आकडे ३९ वर आले.