गांवें पांच, जाळीं एकशें पंचवीस

मागील अंकीं आम्हीं वाचकांपुढें एक प्रश्न ठेविला होता. पांच गांवें आहेत आणि त्यांस १ पासून ५ पर्यंत अंक दिले आहेत. कोणत्याही दोन गांवांमध्यें सरळ रस्ता बांधतां येतो. मात्र रस्ते चारच बांधावयाचे, आणि तरीही कोणत्याही गांवाहून कोणत्याही गांवास जातां आलें पाहिजे. असें रस्त्यांचें जाळें किती निरनिराळ्या प्रकारांनीं बांधतां येईल?

उत्तर १२५ आहे. आलेल्या पत्रांपैकीं कांहींत तें बरोबर आहे. परंतु १८५ हें उत्तरही एकाहून अधिक घरांतून आलें, आणि तें कसें आलें असावें हें पाहण्यासारखें आहे. चार रस्त्यांनीं पांच गांवें जोडलीं गेलीं म्हणजे त्यांत फेरा मारून पुन्हां मूळ जागीं येण्यास वाट उरत नाहीं. अशा जाळ्यास गणिती लोक वृक्ष म्हणतात. पांच गांवांच्या वृक्षाच्या आकृति तीनच. एक गांव मध्यें आणि बाकीचीं चार त्यास जोडलेलीं, ही पहिली. मधलें गांव निवडण्याचे प्रकार ५. दुसरी आकृति फाट्याची: एका गांवाशीं तीन रस्ते मिळतात आणि त्यांपैकीं एक पुढें आणखी एका गांवास जातो. फाट्याचें गांव पांचांतून, पुढें जाणाऱ्या वाटेवरचें चारांतून आणि शेवटचें तिहींतून निवडावयाचें, म्हणजे ६० प्रकार. तिसरी आकृति पांचही गांवें एका ओळींत असण्याची. पांच अंक ओळींत मांडण्याचे प्रकार १२० खरे. पण १-२-३-४-५ ही ओळ आणि ५-४-३-२-१ ही ओळ यांत रस्ते तेच आहेत. प्रत्येक जाळें दोनदां मोजलें गेलें, म्हणून निम्मे घ्यावयाचे, ६०. हें निम्मे करणें जे विसरले त्यांचे १८५ झाले.

ही रीत बरोबर आहे, पण ती फार दूर नेत नाहीं. सहा गांवांस आकृति सहा होतात, सातांस अकरा, आणि दहांस एकशें सहा. प्रत्येक आकृतींत कोठें निम्मे करावयाचे, कोठें सहावा हिस्सा घ्यावयाचा, हें निरनिराळें ठरवावें लागतें, आणि एखादी आकृति नजरेंतून सुटली तर तें कळण्यास मार्ग नाहीं.

याचा सामान्य नियम केंब्रिज येथील गणिती आर्थर केली यांनीं १८८९ सालीं एका लहानशा लेखांत मांडला. गांवांची जी संख्या असेल तिच्यांतून दोन वजा करावे, आणि उरतील तितक्या वेळां ती संख्या मांडून गुणाकार करावा. पांच गांवांस ५×५×५ म्हणजे १२५. सहांस सहा चार वेळां म्हणजे १२९६. बोर्खार्ट या जर्मन गणित्यास हें फळ १८६० सालींच निराळ्या वाटेनें मिळालें होतें, आणि केली यांनीं त्याचा उल्लेखही केला आहे. केली यांनीं सहा गांवांपुरता विचार करून दाखविला व तोच पुढें चालतो असें म्हटलें. पण उत्तर इतकें साधें कां यावें, गुणाकारांत नेमके दोन कमी कां, याचें कारण डोळ्यांस दिसेल असें मांडलें तें हाइन्ट्स प्रूफर या जर्मन गणित्यानें, १९१८ सालीं. त्यानें मोजण्याचे श्रमच सोडून दिले. प्रत्येक जाळ्यास एक चिठ्ठी लिहून दिली आणि जाळीं न मोजतां चिठ्ठ्या मोजल्या.

चिठ्ठी लिहिण्याचा नियम असा. ज्या गांवास एकच रस्ता मिळतो त्यास टोकाचें गांव म्हणूं. टोकाच्या गांवांपैकीं सर्वांत लहान अंकाचें गांव घ्यावें. तें ज्या गांवास जोडलेलें असेल त्याचा अंक चिठ्ठींत लिहावा. मग तें टोकाचें गांव आणि त्याचा रस्ता दोन्ही पुसून टाकावीं. उरलेल्या जाळ्यावर पुन्हां तेंच करावें. दोनच गांवें उरलीं म्हणजे थांबावें.

सात गांवांचें एक जाळें घेऊं. रस्ते असे आहेत: १-४, ३-४, ४-२, २-६, ६-५ आणि २-७. वाचकांनीं कागदावर आकृति काढावी. टोकाचीं गांवें १, ३, ५ आणि ७. सर्वांत लहान १. तें ४ ला जोडलेलें, म्हणून ४ लिहिले आणि १ पुसलें. पुढें ३, तेंही ४ लाच जोडलेलें, म्हणून पुन्हां ४. आतां ४ या गांवाचे दोन रस्ते गेले, एकच उरला. म्हणजे तेंच टोकाचें झालें. टोकाच्या ४, ५ व ७ यांत लहान ४. तें २ ला जोडलेलें, म्हणून २ लिहिले. मग ५ पुसून ६ लिहिले. तेव्हां ६ टोकाचें झालें, तें पुसून २ लिहिले. उरलीं २ आणि ७. चिठ्ठी झाली: ४, ४, २, ६, २. सात गांवांस पांच अंक. शेवटचीं दोन गांवें शिल्लक ठेविल्यामुळें चिठ्ठींत दोन जागा कमी, आणि केली यांच्या नियमांतील दोन कमी तेच.

चिठ्ठीवरून जाळें पुन्हां उभें करितांही येतें. उरलेल्या गांवांपैकीं ज्यांचा अंक उरलेल्या चिठ्ठींत नाहीं त्यांतील लहानांत लहान घ्यावें, चिठ्ठीच्या पहिल्या अंकास जोडावें, आणि दोन्ही खोडावे. वरील चिठ्ठींत १, ३, ५, ७ नाहींत. म्हणून १ हें ४ ला. मग ३ हें ४ ला. उरली चिठ्ठी २, ६, २. तींत आतां ४ नाहीं, म्हणून ४ हें २ ला. नंतर ५ हें ६ ला, ६ हें २ ला. शेवटीं उरलेलीं २ व ७ एकमेकांस जोडलीं कीं मूळचे सहाही रस्ते परत आले.

हा खेळ आम्हीं घरीं करून पाहिला. आमच्या पुतण्यानें ओसरीवर वरीलच जाळें काढून चिठ्ठी लिहिली आणि ती माजघरांत त्याच्या काकूकडे पाठविली. काकूनें काढलेलें जाळें निराळेंच निघालें. त्यांत ४ हें ६ ला आणि ५ हें २ ला जोडलेलें.

"काकू, तुमचें चित्र चुकलें," तो म्हणाला. "माझी चिठ्ठी मीं पडताळून पाहिली आहे."

"अरे, मीं चिठ्ठीबरहुकूम काढलें आहे. तूंच पुन्हां पाहा," असें उत्तर आंतून आलें.

चिठ्ठी होती ४, ४, ६, २, २. दोन चार लिहून झाल्यावर ४ हें गांव टोकाचें झाल्याचें पुतण्याच्या लक्षांत आलें नाहीं. आरंभीं टोकाचीं म्हणून ज्यांवर खूण केली होती त्यांतीलच पुढचें ५ त्यानें उचललें. खुणा दर खेपेस नव्यानें पाहाव्या लागतात, हें येथें बहुधा सर्वांचेंच चुकतें.

पण त्याचा पडताळा फसला कसा? प्रत्येक गांव चिठ्ठींत त्याच्या रस्त्यांहून एक कमी इतक्या वेळां येतें, कारण शेवटचा रस्ता सोडून त्याचा एकेक शेजारी पुसला जातो तेव्हां तेव्हां त्याचा अंक लिहिला जातो. आणि जें गांव शेवटपर्यंत उरतें त्याचाही एक रस्ता पुसावयाचा राहतोच. म्हणून ४ व २ दोनदोनदां, ६ एकदां आणि टोकाचीं गांवें मुळींच नाहींत. पुतण्यानें एवढेंच मोजलें आणि तें जुळलें. हा पडताळा रस्त्यांची संख्या बरोबर आहे इतकेंच सांगतो; अंकांचा क्रम चुकला तर तो गप्प राहतो. खरा पडताळा एकच, चिठ्ठीवरून जाळें पुन्हां काढून पाहणें. तो काकूनें केला होता.

आतां मुख्य प्रश्न. एका जाळ्याची एकच चिठ्ठी, कारण "लहानांत लहान" या अटीमुळें निवडीस वावच नाहीं. परंतु मनास येतील ते पांच अंक लिहिले, तर त्यांचें जाळें होईलच काय? होतें. कोणत्याही क्षणीं जितकीं गांवें उरलीं असतील त्याहून दोन कमी अंक चिठ्ठींत उरलेले असतात. म्हणून निदान दोन गांवें तरी चिठ्ठींत नसतातच, आणि काम अडत नाहीं. शिवाय प्रत्येक गांव जोडलें जातें तें अजून न खोडलेल्या गांवास. म्हणून हीच कृति शेवटाकडून पाहावी: आरंभीं दोन गांवें जोडलेलीं, आणि मग एकेक नवें गांव एकाच रस्त्यानें त्यांस येऊन मिळतें. अशानें फेरा पडणें शक्य नाहीं, आणि कोणतें गांव सुटेंही राहत नाहीं. आणि जोडतांना ज्या क्रमानें गांवें खोडलीं त्याच क्रमानें चिठ्ठी लिहितांना तीं पुसलीं जातात. म्हणून त्या जाळ्याची चिठ्ठी लिहावयास घेतली तर तेच पांच अंक परत येतात. पांच जागा, प्रत्येक जागीं सातांपैकीं कोणताही अंक. चिठ्ठ्या १६,८०७ आणि जाळींही तितकींच.

चिठ्ठ्या हातीं आल्या कीं इतर प्रश्नही सुटतात. गांव १ टोकाचें असेल अशीं जाळीं किती? ज्यांच्या चिठ्ठींत १ नाहीं तितकीं. म्हणजे सहा पांच वेळां, ७,७७६. एका ओळींतील जाळीं किती? ज्यांच्या चिठ्ठींत कोणताही अंक दोनदां नाहीं तितकीं. ७×६×५×४×३, म्हणजे २,५२०. येथें निम्मे करण्याची आठवणही ठेवावी लागत नाहीं.

एक गोष्ट मात्र या चिठ्ठीस जमत नाहीं. दोन गांवांमध्यें नदी आहे आणि तेथें रस्ता होणेंच नाहीं, असें म्हटलें तर अंकांकडे पाहून त्या चिठ्ठ्या वगळतां येत नाहींत. प्रत्येकीचें जाळें काढून पाहावें लागेल. अशा जाळ्यांच्या मोजणीची सर्वसाधारण रीत निराळी असून तिचें मूळ किर्खोफ यांच्या विजेच्या तारांविषयींच्या १८४७ सालच्या लेखांत आहे. पण एकच जोडी वर्ज्य असेल तर युक्ति साधी आहे. पांच गांवांच्या १२५ जाळ्यांत मिळून रस्ते ५००. जोड्या दहा, आणि कोणत्याही जोडीस विशेष मान नाहीं. म्हणून प्रत्येक रस्ता ५० जाळ्यांत येतो. तो वर्ज्य केला कीं उरलीं ७५.

पुढील अंकासाठीं प्रश्न हाच, पण नद्या दोन. पांच गांवांतील दोन जोड्या वर्ज्य आहेत. त्या जोड्यांत एक गांव सामाईक असेल तर जाळीं ४० होतात, आणि जोड्या अगदीं अलग असतील तर ४५. उत्तरें आम्हीं देऊन टाकलीं आहेत. दोहोंत पांचांचा फरक कां पडतो तें वाचकांनीं लिहून पाठवावें.