दोष संस्थेचा, दंड मुलीला?

आमच्या कामरेजच्या मुली शिक्षिका व्हायचं म्हणून बी.एड. करतात. पण कॉलेजची मान्यताच गेली तर? १९९३चा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा पाहा, कलम १७. मान्यता काढण्याआधी संस्थेचं म्हणणं ऐकावंच लागतं. वर अपीलही आहे. आदेश अमलात येतो तो पुढचं शैक्षणिक सत्र संपल्यावर. म्हणजे तेव्हा पहिल्या वर्षात असलेली मुलगी सुटते. पण आदेशानंतर, काहीच माहीत नसताना, फी भरून आलेली? दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात ती अर्ध्यावर अडकते. त्यानंतरची पदवी सरकारी किंवा अनुदानित शाळेत चालत नाही. ज्याचं कर्म त्यालाच फळ, असं आपण मानतो ना? मग बायांनो, एवढं तरी मागा: संस्थेला नोटीस निघाली, त्याच दिवशी ती प्रवेशाच्या खिडकीवर लागलीच पाहिजे.