माहेरी यायचं की नाही, हे जुन्या कार्डाला विचारा

आमच्या वस्तीतल्या डॉक्टरांना मागे इंग्लंडहून एक पत्र आलं. लिहिणारी मुलगी वस्तीतलीच. नवरा तिकडे नोकरीला, पहिली मुलगी चार वर्षांची आणि आता दुसऱ्यांदा सहावा महिना चालू. डॉक्टरांनी तिला विचारून पत्र मला दाखवलं. तिचं नाव न देता त्यातला मुख्य भाग सांगते.

"डॉक्टरकाका, सविनय जयभीम. पहिल्या वेळी माझं सिझर झालं होतं. इथे तपासायला सिस्टरच असतात, डॉक्टर एकदाच भेटले. ते म्हणाले, या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येईल, पण आधीचं सिझर का आणि कसं झालं ते सांगा. मला ते सांगता आलं नाही. टाके आडवे आहेत एवढंच माहीत आहे. सासूबाई म्हणतात, एकदा सिझर म्हणजे कायम सिझर. आई म्हणते, माहेरी ये, मी आहे ना. छत्तिसाव्या आठवड्याचं तिकीट बघून ठेवलंय. काढू का?"

डॉक्टरांनी कळवलं, "तिकीट काढू नकोस. आधी जुनं डिस्चार्ज कार्ड शोधू." ते काम माझ्याकडे आलं. मी तिच्या आईकडे गेले. बाबासाहेबांच्या फोटोमागे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डासोबत ते सापडलं. घडीवर फाटलेलं होतं, पण वाचता येत होतं.

त्या कार्डात काय होतं ते नीट सांगते, कारण सगळा निर्णय त्यावरच फिरला. घरात कोणी सांगत होतं पाणी आटलं होतं, कोणी म्हणे बाळ अडलं होतं. कार्डावर कारण लिहिलं होतं, बाळ पायाळू. म्हणजे डोकं वर आणि पाय खाली. हे कारण त्या वेळेपुरतं असतं. या खेपेला बाळाचं डोकं खाली असेल, तर ते कारण उरत नाही. कळा येऊनही बाळ अडलं म्हणून सिझर झालं असतं, तर नॉर्मल होण्याची आशा थोडी कमी धरावी लागली असती.

दुसरी गोष्ट छेदाची. पोटावरचा टाका आडवा दिसला म्हणजे आत गर्भाशयावरही छेद आडवाच घेतला असेल, असं समजू नका. कार्डावर 'एलएससीएस' लिहिलं होतं. याचा अर्थ गर्भाशयाच्या खालच्या भागावर छेद घेतला होता, आणि तो सहसा आडवा असतो. वरच्या भागावर उभा छेद असता, तर तो कळांमध्ये उसवण्याचा धोका बराच जास्त. मग नॉर्मलचा विचारच करायचा नसतो.

खालचा आडवा छेद असलेल्या शंभर बायकांनी नॉर्मलचा प्रयत्न केला, तर सुमारे पंचाहत्तर जणींचं तसं बाळंतपण होतं. जुना टाका उसवण्याचा धोका दोनशे जणींत साधारण एकीला असतो. औषध देऊन कळा आणल्या, तर तो वाढतो. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं खरं नाही, पण त्यांची भीती अगदीच खोटीही नाही. टाका उसवायला लागला, तर दोन कळांच्या मधेही पोट दुखायचं थांबत नाही, अंगावरून रक्त जातं, येत असलेल्या कळा एकाएकी थांबतात. बऱ्याचदा सगळ्यांत आधी बाळाचे ठोके बिघडतात. म्हणून असं बाळंतपण अशाच ठिकाणी व्हावं, जिथे ठोके सतत पाहिले जातात आणि रात्री दोन वाजतासुद्धा ऑपरेशन, भूल देणारे डॉक्टर आणि रक्त तयार असतं.

आता तिकिटाचं. एकच बाळ असेल, तर बऱ्याच विमान कंपन्या छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत नेतात आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांची चिठ्ठी मागतात. म्हणजे तिने बघितलेलं तिकीट अगदी काठावरचं होतं. येताना थोडी जरी तक्रार झाली असती, तर विमानात चढूही दिलं नसतं. पोहोचली असती, तरी ज्या रुग्णालयात तिचं नाव नाही, जिथे तिला कोणी तपासलेलं नाही, तिथे ती ऐन नवव्या महिन्यात दाखल झाली असती. मी प्रसूती वॉर्डात काम केलं आहे. आधीचं सिझर, हातात कागद नाही आणि कळा सुरू, अशी बाई आली की ड्युटीवरचा डॉक्टर पुन्हा सिझर करायचंच ठरवतो. त्याला मी दोष देणार नाही. त्याला आतला टाका दिसत नसतो.

आणखी एक गोष्ट घरात कोणाच्याच लक्षात आली नव्हती. बाळ इथे जन्मलं, तर परत नेण्याआधी त्याचा पासपोर्ट काढावा लागतो, मग व्हिसा. तोवर टाके भरलेली आई इथे, मोठी मुलगी दोन्हीकडे ओढलेली आणि नवरा तिकडे एकटा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बाळंतपणाला माहेरी यायचं असेल, तर तिसाव्या आठवड्याच्या आत यावं, तिकडची सगळी फाईल आणावी आणि त्याच आठवड्यात इथल्या रुग्णालयात नाव घालावं. ते जमत नसेल, तर तिथेच राहावं. नववा महिना लागल्यावर येणं हा सगळ्यांत वाईट पर्याय.

या मुलीसाठी तिथेच राहणं बरं, असं डॉक्टर म्हणाले आणि मलाही ते पटलं. तिथल्या 'सिस्टर' म्हणजे मिडवाइफ. बाळंतपण करणं हेच त्यांचं शिक्षण असतं. आधी सिझर झालेल्या बाईचा बेत मात्र डॉक्टरांसोबत ठरतो. नॉर्मल नको असेल, तर ठरवून सिझर मागण्याचाही हक्क तिला आहे. ते बहुधा एकोणचाळिसाव्या आठवड्यात करतात. भाषा अडली, तर दुभाष्या मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. डॉक्टरांनी तिला एक प्रश्नही लिहून दिला, "सोनोग्राफीत वार कुठे आहे? जुन्या टाक्यावर तर नाही ना?" वार टाक्यावर चिकटलेली असेल, तर सगळा बेत बदलावा लागतो. तिची वार वरच्या बाजूला असल्याचं कळलं.

राहिला आईचा प्रश्न, आणि तो लहान नाही. बाळंतिणीला आईचा हात लागतो, हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. पण तो हात मिळावा म्हणून पोटुशीनेच विमानात बसायला हवं का? आईही जाऊ शकते. त्या माउलीने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्टचा फॉर्म भरला आहे.

आणि हे इथल्या घरांसाठी. सिझर झालं की घरी निघण्याआधी विचारा, "का केलं, गर्भाशयावर छेद कुठे घेतला, रक्त चढवलं का?" ते कार्डावर लिहून घ्या आणि मोबाईलमध्ये कार्डाचा फोटो काढून ठेवा. कार्ड हरवलं असेल, तर दाखल झाल्याची तारीख आणि केसपेपरचा नंबर घेऊन रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या. २००२ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत कागद द्यायचे असतात. पण ते जपून ठेवण्याचं बंधन तीनच वर्षांचं आहे. या मुलीचं सिझर चार वर्षांपूर्वीचं. फोटोमागची ती पिशवी नसती, तर रुग्णालयात काही मिळालंच असतं, असं मी सांगू शकत नाही.